फ्लॉरेन्सच्या सोयरिकी आणि नैराश्याची लक्षणे: ‘मध्यवर्ती’ म्हणजे नेमके काय?

१/ १४३३ साली कोसिमो दे मेदिची फ्लॉरेन्समधून हद्दपार झाला. वर्षभरातच तो परतला आणि पुढे तीन दशके शहराच्या राजकारणाचा सूत्रधार राहिला. स्ट्रॉत्सींसारखी तोलामोलाची घराणी असताना सत्ता मेदिचींकडेच का आली? या प्रश्नाचे एक उत्तर सोयरिकींच्या नकाशातून मिळाले. त्या नकाशावरची मोजपट्टी पुढे मानसशास्त्रज्ञांनी नैराश्याच्या लक्षणांना लावली. संशोधनपद्धतीच्या परिसंवादासाठी हा विषय अभ्यासताना जे उमगले, ते या धाग्यात मांडतो.

२/ जॉन पॅजेट आणि ख्रिस्तोफर अँसेल यांनी १९९३ साली फ्लॉरेन्सच्या घराण्यांमधील संबंधांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांच्या सामग्रीतील १६ घराण्यांचा संच आजही पाठ्यपुस्तकांत शिकवला जातो. त्यात मेदिचींच्या सोयरिकी सहा घराण्यांशी, तर स्ट्रॉत्सींच्या चार घराण्यांशी आहेत. हा फरक फार मोठा नाही. परंतु इतर घराण्यांना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटा कोणाच्या दारावरून जातात, हे मोजले तर मेदिचींचा आकडा ०.५२ येतो आणि स्ट्रॉत्सींचा ०.१०. या मोजमापाला ‘मध्यस्थता’ म्हणू. १९७७ साली लिंटन फ्रीमन यांनी ते सूत्रबद्ध केले.

३/ हा आकडा येथे अर्थपूर्ण ठरतो, कारण त्यामागची दोन गृहीतके पटण्याजोगी आहेत. पहिले, नकाशावरची प्रत्येक रेषा म्हणजे प्रत्यक्ष घडलेला विवाह. दुसरे, त्या रेषांवरून खरोखर काहीतरी जाते: निरोप, कर्ज, शब्द, पाठिंबा. ज्याच्या दारावरून वाट जाते, तो ती अडवू शकतो. ही दोन गृहीतके लक्षात ठेवून आता विसाव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या अभ्यासाकडून एकविसाव्या शतकातील अ‍ॅमस्टरडॅमकडे वळू.

४/ नैराश्याकडे पाहण्याची रूढ दृष्टी अशी की, आत एक आजार दडलेला असतो आणि लक्षणे ही त्याची खूण असते. मलेरिया आत असतो, ताप बाहेर दिसतो, तसे. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील डेनी बोर्सबूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रतिमाच उलटवली. अँजेलिक क्रामर यांच्यासह लिहिलेल्या २०१० च्या निबंधात त्यांनी मांडले की, लक्षणे एकमेकांना जन्म देत असतील. झोप उडते, म्हणून थकवा येतो. थकव्याने लक्ष लागत नाही. काम बिघडते आणि अपराधी वाटू लागते. मग नैराश्य या जाळ्यामागे दडलेले नसते. ते जाळेच नैराश्य असते.

५/ यातून एक मोहक प्रश्न उभा राहिला: लक्षणांमधले ‘मेदिची’ कोण? ते सापडले, तर उपचार तेथेच करावेत. २०१६ साली आइको फ्रीड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका मोठ्या उपचार-चाचणीतील ३,४६३ रुग्णांच्या २८ लक्षणांचे जाळे काढले. अमेरिकी निदानपुस्तिकेच्या यादीतील लक्षणे यादीबाहेरच्या लक्षणांपेक्षा अधिक मध्यवर्ती नाहीत, असे त्यांना आढळले. निदानाची यादीच लक्षणांची स्वाभाविक क्रमवारी आहे, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

६/ पण या जाळ्यातल्या रेषा आल्या कोठून? निद्रानाश आणि थकवा यांच्या विवाहाची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. येथे रेषा प्रश्नावलीच्या उत्तरांवरून गणिताने काढतात. दोन लक्षणे इतर सर्व लक्षणांचा प्रभाव वगळूनही सोबत वाढत-घटत असतील, तर त्यांच्यात रेषा ओढतात. यालाच आंशिक सहसंबंध म्हणतात.

७/ एक काल्पनिक उदाहरण सोडवून पाहू. निद्रानाश व थकवा यांचा सहसंबंध ०.६, थकवा व एकाग्रतेचा अभाव यांचा ०.५, आणि निद्रानाश व एकाग्रतेचा अभाव यांचा ०.३ आहे. आता ०.६ × ०.५ = ०.३. म्हणजे शेवटचा संबंध पूर्णपणे थकव्यातून आलेला आहे. थकवा वगळला की तो शून्य होतो. उरलेल्या दोन रेषांची बळे सुमारे ०.५४ आणि ०.४२ येतात. प्रत्येक लक्षणाला मिळणाऱ्या रेषांची बेरीज केली, तर थकवा ०.९६ वर पोहोचतो. इतर दोन बरेच मागे राहतात. थकवा मध्यवर्ती ठरला.

८/ मग थकव्यावर उपचार करावा काय? थांबा. निद्रानाशातून थकवा आणि थकव्यातून एकाग्रतेचा अभाव, ही एक कथा झाली. तिची उलट कथाही हेच आकडे देते. थकव्यातूनच बाकीची दोन्ही लक्षणे उद्भवतात, ही तिसरी कथाही तेच देते. पहिल्या कथेत थकवा घालवला तर एकाग्रता सुधारेल, पण झोप येणार नाही. दुसऱ्या कथेत झोप सुधारेल, एकाग्रता नाही. तिसऱ्या कथेत दोन्ही सुधारतील. आकडा एकच, पण उपचाराचे फळ तीन प्रकारचे.

९/ मध्यस्थतेची अडचण याहून खोल आहे. निद्रानाशाकडून अपराधीपणाकडे सर्वांत जवळच्या वाटेने नेमके काय जाते? लक्षण निरोप नेत नाही आणि तो अडवूनही ठेवत नाही. २०१९ साली लॉरा ब्रिंगमन आणि सहकाऱ्यांनी हाच आक्षेप सविस्तर मांडला: समाजजालांसाठी घडवलेल्या या मोजमापांची गृहीतके लक्षणांच्या जाळ्यात बहुधा टिकत नाहीत. सूत्र सीमा ओलांडून आले. त्याला अर्थ देणारी परिस्थिती मागेच राहिली.

१०/ आणखी एक सापळा प्रश्नावलीतच असतो. ‘उदास वाटते का?’ आणि ‘मन खिन्न असते का?’ असे दोन प्रश्न विचारले, तर त्यांच्यात जाड रेषा येणारच, कारण एकच गोष्ट दोनदा विचारली आहे. दोन्हींची केंद्रीयता फुगते. इतिहासात एकाच घराण्याच्या दोन शाखांना दोन घराणी मानल्यासारखेच हे आहे. म्हणून क्रमवारी वाचण्याआधी प्रश्न वाचावेत.

११/ क्रमवारी निदान स्थिर आहे का, हे मात्र तपासता येते. साशा एप्सकँप, बोर्सबूम आणि फ्रीड यांनी २०१८ साली सुचवलेल्या कसोटीत नमुन्यातील माणसे टप्प्याटप्प्याने वगळून क्रमवारी पुन्हा काढतात. मूळ क्रमवारीशी किमान ०.७ इतका सहसंबंध ९५ टक्के खात्रीने टिकवून किती हिस्सा वगळता येतो, ते पाहतात. हा हिस्सा ०.२५ हून कमी असेल तर क्रमवारीवर विसंबू नये, ०.५ च्या वर असेल तर उत्तम. मध्यस्थता या कसोटीवर वारंवार नापास होते; रेषांच्या बळाची बेरीज तुलनेने टिकते.

१२/ टिकाऊ बेरीजही एवढेच सांगते: या लोकसमूहात, या प्रश्नावलीत, हे लक्षण इतर लक्षणांवरून अधिक चांगले ओळखता येते. ज्यांची झोप इतरांहून कमी, ते इतरांहून अधिक थकलेले आढळले, असा त्या रेषेचा अर्थ. एका माणसाची झोप आज बिघडली तर उद्या त्याचे काय होईल, हे जाणण्यासाठी त्याच माणसाच्या अनेक दिवसांच्या नोंदी लागतात. आणि उपचाराचा परिणाम जाणण्यासाठी उपचार करूनच पाहावा लागतो.

१३/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही हा धडा लागू आहे. पत्रव्यवहार, सनदा, वंशावळी यांवरून आपणही आता जाळी काढू लागलो आहोत. पत्रव्यवहाराच्या नकाशात एखादा कारकून मध्यवर्ती दिसला, तर तो सत्ताधीश होता की केवळ त्याचे दप्तर वाचले, हे संगणक सांगणार नाही. तेव्हा आकड्याआधी दोन प्रश्न विचारावेत: ही रेषा कशाची, आणि तिच्यावरून काय जाते?