टाइपरायटरचे वय कसे ओळखावे?

एका शिक्षक मित्राच्या वाड्यातल्या माळ्यावर एक छोटा टाइपरायटर निघाला. रंग उडालेला, कंपनीचे नाव पुसलेले. मित्राचा प्रश्न सरळ होता, “हा कुणी केला आणि केव्हा?” घरातली मंडळी म्हणत होती, “शंभर-सव्वाशे वर्षांचा असेल.” ऐकीव वय बाजूला ठेवून यंत्रालाच विचारायचे आम्ही ठरवले.

आधी कळफलक पाहिला. इंग्रजी अक्षरांच्या वरच्या ओळीत क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय हा नेहमीचाच क्रम होता. जर्मन यंत्रात वायच्या जागी झेड येतो, फ्रेंच यंत्रात ओळ ए, झेडने सुरू होते. म्हणजे यंत्र इंग्रजीसाठीचे. त्यावर पौंडाची खूण होती, त्यामुळे ते अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी नसून ब्रिटिश चलन वापरणाऱ्यांसाठी बनले असावे. मात्र ते कुठे विकायचे होते एवढेच या खुणेवरून कळते. ते कुठे बनले हे कळत नाही.

मित्राच्या लक्षात आले, की यात १ या अंकाची कळच नाही. “म्हणजे फार जुना!” तो म्हणाला. इथेच पुष्कळजण फसतात. इंग्रजीचे लहान एल हे अक्षर १ सारखेच दिसते, म्हणून त्यावरच काम भागवले जाई आणि ही काटकसर पुढे अनेक दशके चालू राहिली. तेव्हा १ नसणे हा वयाचा पुरावा नव्हे.

आता यंत्ररचना पाहू. १८७४ साली बाजारात आलेल्या शोल्स आणि ग्लिडन यांच्या यंत्रात फक्त मोठी अक्षरे होती. शिफ्टची कळ आली ती १८७८ च्या रेमिंग्टन क्रमांक २ मध्ये. या यंत्रांत अक्षरांच्या दांड्या खालून वर येऊन रुळाच्या तळाशी आपटत, त्यामुळे टंकलेखकाला आपण काय लिहिले ते लगेच दिसत नसे. दांडी समोरून आपटणारी, अक्षर लगेच दिसणारी रचना १८९० च्या दशकात अंडरवुड यंत्रामुळे रुळली. रेमिंग्टनने मात्र आपले असे मोठे यंत्र १९०८ साली काढले.

मित्राच्या यंत्रातल्या दांड्या समोरून आपटत होत्या, पण त्या आडव्या झोपलेल्या होत्या. उजव्या बाजूची खटकी सरकवली की सगळ्या एकदम उभ्या राहत. मगच टंकन करता येई. यंत्र बुटके राहावे आणि पेटीत मावावे यासाठीची ही युक्ती. शिवाय कळांच्या ओळी पूर्ण चार होत्या. या दोन गोष्टी एकत्र सापडतात त्या रेमिंग्टनच्या १९२० ते १९२८ मधल्या पोर्टेबल यंत्रांत. १९१२ चे कोरोना ३ हेही छोटेच यंत्र, पण त्यात तीनच ओळी आणि शिफ्टच्या दोन प्रकारच्या कळा असत. मात्र तीन ओळी दिसल्या म्हणून यंत्र १९२० पूर्वीचे असे समजू नये, कारण कोरोना ३ पुढेही बरीच वर्षे बनत होते.

कारखाना ठरला, आठ वर्षांचा काळही ठरला. नेमके साल द्यायला उरला अनुक्रमांक. कॅरेज एका टोकाला सरकवून चौकटीवरची धूळ ब्रशने झाडली, तेव्हा एन, के ही अक्षरे आणि त्यांपुढे ४ ने सुरू होणारा आकडा दिसला. रेमिंग्टनच्या या यंत्रांत पहिले अक्षर यंत्राचा प्रकार सांगते, दुसरे महिना सांगते, आणि पहिला अंक हा सालाचा शेवटचा अंक असतो. म्हणजे साल ४ ने संपणारे. पण १९१४, १९२४ की १९३४? नुसता अनुक्रमांक याचे उत्तर देऊ शकत नाही. यंत्ररचनेने मात्र काळ दहा वर्षांपेक्षा कमी केला होता, म्हणून १९२४ हेच एक उत्तर उरले. १९२५ साली याचा दुसरा नमुना आला. तेव्हा हा पहिला नमुना.

एक शंका उरतेच. कळांवरच्या खुणा कुणी नंतर बदलल्या असतील तर? आम्ही प्रत्येक कळ कागदावर दाबून पाहिली. कळेवरची खूण आणि उमटलेले अक्षर जुळत नसेल, तर कळफलकात फेरफार झालेला असतो. इथे पौंडासकट सारे जुळले.

आणखी एक सावधगिरी हवी. काही यंत्रांवर पेटंटच्या तारखा कोरलेल्या असतात. त्यांतली शेवटची तारीख म्हणजे यंत्राचे जन्मसाल नव्हे. यंत्र त्याआधीचे नाही, इतकेच ती सांगते. त्यानंतर किती वर्षांनी ते बनले, हे दुसऱ्या पुराव्यावरूनच ठरवावे लागते.

मित्राच्या घरच्यांचे ‘शंभर’ असे बरोबर निघाले, ‘सव्वाशे’ मात्र खोडावे लागले.