साखरेच्या पिंपातून आलेला आकडा

भिंतीवरच्या एका चित्राचा मूल्यांकन अहवाल हातात घेतला की त्यात बहुधा तीनपैकी एक आकडा असतो. विम्यासाठी मागवला असेल तर मोठा, वाटणी किंवा करासाठी मागवला असेल तर मधला, आणि लिलावगृहाने दिला असेल तर सर्वांत लहान, तोही ‘इतके ते इतके’ असा. वस्तू तीच, व्हॅल्युअरही कधीकधी तोच. यावर प्रचलित उत्तर असे, की किंमत एकच असते, फक्त दुकानाची पायरी बदलते. गॅलरीत किरकोळ भाव, लिलावात घाऊक. हे उत्तर सोयीचे आहे, पण मला ते अपुरे वाटते. माझ्या मते हे तीन आकडे एका घरचे नाहीतच. त्यांचे आईबाप वेगळे आहेत, आणि विम्याच्या आकड्याचा बाप तर चक्क साखरेचे पिंप आहे.

1761 साली लंडनमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे लुईस विरुद्ध रकर हा खटला चालला. वेस्ट इंडीजमधल्या सेंट थॉमस बेटावरून साखर हॅम्बुर्गला निघाली होती. विमा उतरवताना दोन्ही पक्षांनी प्रत्येक पिंपाची किंमत 30 पौंड ठरवून टाकली होती. वाटेत समुद्राचे पाणी शिरले आणि साखर तातडीने विकावी लागली. हॅम्बुर्गला चांगल्या साखरेच्या पिंपाचा भाव होता 23 पौंड 7 शिलिंग 8 पेन्स, भिजलेली गेली 20 पौंड 0 शिलिंग 8 पेन्सांना. मालक म्हणाला, मला ती आत्ता विकायचीच नव्हती, भाव चढेपर्यंत मी ती गोदामात ठेवणार होतो, तेव्हा ती संधीही भरून द्या.

मॅन्सफिल्डनी ही आशा विम्याबाहेर ठेवली. मग त्यांनी जो हिशेब मान्य केला तो बघण्यासारखा आहे. चांगला भाव आणि भिजलेला भाव यांतला फरक सुमारे सातवा हिस्सा. म्हणून विमाकर्त्याने 30 पौंडांचा सातवा हिस्सा द्यायचा, म्हणजे पिंपामागे साधारण 4 पौंड 6 शिलिंग. हॅम्बुर्गच्या बाजारातला प्रत्यक्ष फरक मात्र 3 पौंड 7 शिलिंग एवढाच होता. बाजारभावाचे काम फक्त नुकसानीचे प्रमाण मोजण्यापुरते उरले, रक्कम ठरली ती करारातल्या 30 वरून. तीस पौंड हा हॅम्बुर्गचा भाव नव्हताच. तो दोन माणसांनी आधीच एकमेकांना दिलेला शब्द होता.

हाच विचार पुढे ब्रिटनच्या 1906 च्या सागरी विमा कायद्यात आला: ठरवून टाकलेले मूल्य, लबाडी नसेल तर, दोघांवर बंधनकारक. आपल्या 1963 च्या कायद्यातही ते तसेच आहे.

जहाजावरून हा आकडा दिवाणखान्यात कसा पोचला? इथे मी कयास करतो, पण बऱ्याच खात्रीने. लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुथबर्ट हीथ नावाचा धाडसी विमाकर्ता होता. घरफोडीचा विमा आणि जवाहिऱ्यांच्या मालाचा विमा त्याने रुळवला. त्याच्या भोवतीची मंडळी जहाजाचे विमे लिहून हात बसलेली. हिरा पेटीत असो वा गलबतात, ‘किंमत आधी ठरवून टाका’ ही सवय त्यांनी बरोबर आणली असणार. पुरावा म्हणून मी आजचा नियमच पुढे करतो. करारमूल्यावर उतरवलेल्या चित्रावर पाणी गळले, तर विमाकर्ता दुरुस्तीचा खर्च देतो आणि दुरुस्तीनंतरही किंमत किती टक्के उतरली ते ठरवून तेवढे टक्के करारमूल्यावर मोजतो. भिजलेल्या साखरेचीच रीत ही.

हा आकडा विक्रीच्या भावाला बांधलेला नाही, म्हणून विमा मूल्य मोठे असते. तशीच वस्तू उद्या गॅलरीतून, करासकट, घाईने आणायची तर काय पडेल, एवढेच ते विचारते. विकून काय मिळेल हा त्याचा प्रश्नच नाही.

बाजारमूल्याचे कूळ कोर्टातले. अमेरिकी करखात्याचा 1959 चा निर्णय त्याचा उगम म्हणून दाखवला जातो: राजीखुशीचा विक्रेता, राजीखुशीचा ग्राहक, कुणावर सक्ती नाही, दोघांना माहिती आहे. मला हे पटत नाही. ही राजीखुशीची जोडी जन्मली ती भूसंपादनात, जिथे विक्रेता अजिबात राजी नसतो! आपल्या 1894 च्या कायद्यातच लिहिले होते, की भरपाई ठरवताना सरकारची निकड आणि मालकाची नाराजी, दोन्ही बाजूला ठेवा. 1939 मध्ये विशाखापट्टणमच्या बंदराजवळची जमीन, जिथे गोड्या पाण्याचा झरा होता, प्रिव्ही कौन्सिलपुढे गेली. त्या पाण्याला गिऱ्हाईक बहुतेक एकच, खुद्द बंदर. तरी निकाल लागला, की झऱ्याची उपयुक्तता किमतीत धरलीच पाहिजे, जणू दोघेही मोकळ्या मनाने सौदा करत आहेत. बाजारमूल्य हे असे कल्पनेतल्या सौद्याचे मूल्य आहे. त्यात तारीख असते, घाई नसते.

लिलाव अंदाजाला एवढी घरंदाजी नाही. तो विक्रेत्याला धीर आणि ग्राहकाला आमिष म्हणून लावलेला पट्टा असतो. राखीव किंमत सहसा खालच्या आकड्याच्या वर नसते, आणि अंदाजात ग्राहकाकडून घ्यायचे प्रीमियम धरलेले नसते. मुंबईत डिसेंबर 2013 मध्ये क्रिस्टीजच्या पहिल्या लिलावात नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या 1979 च्या चित्राचा अंदाज साडेसहा ते साडेआठ कोटी होता. हातोडा पडला साडेवीस कोटींवर, वर्तमानपत्रांत छापून आले 23.7 कोटी, कारण त्यात प्रीमियम होते. अंदाजाशी ताडायचा तो साडेवीसचा आकडा. बरेचजण चुकतात ते इथे.

आता एक मानलेले उदाहरण घ्या. विम्याच्या अहवालात 20 लाख, बाजारमूल्य 14 लाख, लिलाव अंदाज 8 ते 12 लाख. हातोडा 9 वर पडला. 20 टक्के प्रीमियम धरले तर ग्राहकाने कर सोडून 10 लाख 80 हजार दिले, आणि 10 टक्के दलाली गेली तर विक्रेत्याला 8 लाख 10 हजार मिळाले. ‘अहवालात तर वीस लिहिलेत’ म्हणून तो चिडेल, पण कुणीही खोटे बोललेले नाही. खरी फसवणूक उलट्या बाजूने होते: भावंडांच्या वाटणीत एकाने चित्र घेतले आणि ते विम्याच्या आकड्याने मोजले, तर ते घेणारा बुडाला.

विम्यातही करारमूल्य आपोआप मिळत नाही. नेहमीच्या पॉलिसीत वीस लाखांवर हप्ता भरला तरी नुकसान झाल्यावर कंपनी त्या दिवसाची किंमत पुन्हा तपासते. उलट वीस लाखांची वस्तू दहालाच उतरवली, तर अर्धवट नुकसानीचीही निम्मीच भरपाई होऊ शकते. एप्रिल 2021 पासून चालू असलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत दागिने आणि कलावस्तूंसाठी करारमूल्याचे कलम आहे, पण ते मागून जोडून घ्यावे लागते. तेव्हा अहवालावर हेतू, तारीख आणि कोणता बाजार गृहीत धरला हे तीन तपशील लिहिलेले नसतील, तर तो व्हॅल्युअरकडे परत पाठवा.