सिलिॲक रोग आणि गहू

सिलिॲक रोग हा लहान आतड्याचा दीर्घकालीन विकार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनसमूहामुळे, जनुकीय प्रवणता असलेल्या व्यक्तींमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सपाट झाल्यामुळे अन्नातील पोषकद्रव्ये रक्तात पुरेशी शोषली जात नाहीत. पोट फुगणे, जुलाब आणि वजन घटणे ही या रोगाची परिचित लक्षणे होत. ही तिन्ही लक्षणे गव्हाच्या विषारीपणामुळे उद्भवत नाहीत. ती शोषणाचा पृष्ठभाग नष्ट झाल्याचे परिणाम आहेत. त्यामुळेच ती एखाद्या जेवणाशी सहसा थेट जोडता येत नाहीत.

ग्लुटेन अर्धवट का पचते

कणीक पाण्यात मळली की तिला जो चिवटपणा येतो तो ग्लुटेनचा. पोळी न फाटता लाटता येते आणि पाव फुगतो, ते याच गुणामुळे. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते, म्हणून भाकरी लाटण्याऐवजी थापावी लागते.

ग्लुटेनमध्ये प्रोलिन आणि ग्लुटामिन ही दोन ॲमिनो आम्ले मोठ्या प्रमाणात असतात. मानवी जठर व स्वादुपिंड यांतील एंझाइमांना प्रोलिनने भरलेल्या साखळ्या नीट तोडता येत नाहीत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ चैतन खोसला यांच्या संशोधनगटाने २००२ मध्ये ३३ ॲमिनो आम्लांचा असा एक तुकडा दाखवून दिला, की जो पचनाच्या सर्व टप्प्यांतून न तुटता शिल्लक राहतो. हे अर्धवट पचन सर्वच माणसांत होते. निरोगी माणसाला त्याचा त्रास होत नाही, कारण त्याची प्रतिकारयंत्रणा या तुकड्यांकडे दुर्लक्ष करते.

अस्तराची हानी

उरलेले तुकडे आतड्याच्या अस्तराखाली पोचले की टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे शरीराचेच एंझाइम त्यांतील काही ग्लुटामिनचे ग्लुटामिक आम्लात रूपांतर करते. या बदलामुळे ते तुकडे पेशींवरील एचएलए-डीक्यू२ किंवा एचएलए-डीक्यू८ या रेणूंच्या खोबणीत घट्ट बसतात. हे रेणू प्रतिकारयंत्रणेच्या टी पेशींपुढे परका पदार्थ सादर करण्याचे काम करतात. सादर झालेला तुकडा शत्रू आहे असे समजून टी पेशी दाह सुरू करतात, आणि त्याच वेळी ट्रान्सग्लुटामिनेजच्या विरोधातही प्रतिपिंडे तयार होऊ लागतात.

निरोगी लहान आतड्याच्या आतल्या बाजूस बोटांच्या आकाराचे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. मखमलीच्या धाग्यांप्रमाणे ते शोषणाचा पृष्ठभाग कैक पटींनी वाढवतात. दाह चालू राहिला की रसांकुर आखूड होत जातात व अखेरीस नाहीसे होतात. हानी प्रामुख्याने आतड्याच्या वरच्या भागात, म्हणजे जठरालगतच्या भागात अधिक असते.

तीन लक्षणांची कारणमीमांसा

पोट फुगणे : दुधातील लॅक्टोज ही शर्करा तोडणारे एंझाइम रसांकुरांच्या टोकाशी असते. रसांकुर गेले की तेही जाते. न तुटलेले लॅक्टोज व इतर न शोषलेले पिष्टमय पदार्थ मोठ्या आतड्यात उतरतात. तेथील जीवाणू ते आंबवतात व त्यातून वायू निर्माण होतो. यामुळे अनेक रुग्णांना प्रथम दूधच बाधते असे वाटते. पथ्याने अस्तर भरून आल्यावर पुष्कळांना दूध पुन्हा पचू लागते.

जुलाब : न शोषलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून धरते, त्यामुळे मळ पातळ होतो. न शोषलेल्या स्निग्ध पदार्थांमुळे तो फिकट, चिकट व दुर्गंधीयुक्त होतो. याशिवाय दाह झालेले अस्तर स्वतःही पाणी व क्षार पाझरते.

वजन घटणे : स्निग्ध पदार्थांतून प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात. त्यांचा मोठा भाग मळावाटे वाया गेला की पोटभर जेवूनही ऊर्जा कमी पडते. त्यातच मंदावलेली भूक आणि पोट जड वाटल्याने कमी खाणे यांची भर पडते. लहान मुलांत वजनाबरोबर उंचीही खुंटते. लोह मुख्यतः आतड्याच्या वरच्या भागात शोषले जात असल्याने, औषध घेऊनही न सुधारणारा रक्तक्षय हे काही रुग्णांत एकमेव लक्षण असते. त्यांना जुलाब मुळीच होत नाहीत.

गहू कारणीभूत असल्याचा शोध

१८८८ मध्ये सॅम्युअल गी या इंग्रज वैद्याने या विकाराचे नेमके वर्णन केले, पण कारण अज्ञात राहिले. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तेथे पावाचा तुटवडा पडला, त्या काळात अशा मुलांची प्रकृती सुधारलेली दिसली. डिके यांनी १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला. त्यांचे सहकारी व्हान दे कामर यांनी मळातील स्निग्धांश मोजण्याची पद्धत बसवली होती. गहू दिला की हा अंश वाढतो व काढला की घटतो, हे तिच्यामुळे आकड्यांत दाखवता आले. १९५४ मध्ये इंग्लंडमधील पॉली यांनी शस्त्रक्रियेत घेतलेल्या नमुन्यांत रसांकुरांची हानी दाखवली.

भारतातील प्रादेशिक फरक व मराठवाडा

एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे रेणू भारतातील सुमारे एक तृतीयांश लोकांत आढळतात, परंतु त्यांपैकी थोड्यांनाच रोग होतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २३ हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत उत्तर भारतात रोगाचे प्रमाण १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. जनुकीय प्रवणता दोन्हीकडे जवळपास सारखी होती. गव्हाचा दैनंदिन वापर मात्र उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम व दक्षिणेत २५ ग्रॅम होता. प्रवणता असणे पुरेसे नसून ग्लुटेनचा संपर्कही लागतो, असे यावरून दिसते.

छत्रपती संभाजीनगर व एकंदर मराठवाडा हा परंपरेने ज्वारी-बाजरीचा प्रदेश. अशा आहारात रोगाची प्रवणता असलेली व्यक्ती दीर्घकाळ लक्षणांविना राहू शकते, आणि रोजच्या जेवणात पोळी, पाव किंवा संभाजीनगरच्या प्रसिद्ध नान खलियातील नान वाढल्यावर तिचा रोग उघड होऊ शकतो. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी, मका, वरई, राजगिरा व शिंगाडा यांत ग्लुटेन नसते. म्हणून मराठवाड्यातील रुग्णाला परके अन्न शोधावे लागत नाही. अडचण येते ती भेसळीची.

गिरणीतील भेसळ : एक हिशेब

एका पोळीला सुमारे ३० ग्रॅम कणीक लागते. तिच्यात साधारण १२ टक्के प्रथिने व त्यांपैकी तीन चतुर्थांश ग्लुटेन धरले, तर एका पोळीत सुमारे २.७ ग्रॅम, म्हणजे २,७०० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यास रसांकुरांची हानी होऊ शकते, असे २००७ च्या एका नियंत्रित अभ्यासात आढळले. म्हणजे पोळीचा सुमारे पन्नासावा भागही सुरक्षित नाही.

समजा, निदान झालेल्या रुग्णाने गहू पूर्ण बंद केला, पण ज्वारी नेहमीच्या गिरणीत गव्हानंतर दळून आणली. जात्यात उरलेले केवळ २० ग्रॅम गव्हाचे पीठ एक किलो ज्वारीच्या पिठात मिसळले, तर त्यात सुमारे १,८०० मिलिग्रॅम ग्लुटेन येते. भारतात ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकण्याच्या पदार्थास किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. येथे ती नव्वद पटींनी ओलांडली गेली. दिवसाला अशा १५० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या, तर सुमारे २७० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जाते. रुग्ण पथ्य पाळतो, तरी पोट फुगते, वजन वाढत नाही, आणि काही महिन्यांनी केलेल्या तपासणीत प्रतिपिंडे अपेक्षेप्रमाणे उतरलेली नसतात. फक्त या धान्यांसाठी राखलेली घरघंटी वापरल्यास ही वाट बंद होते.

याच प्रकारे पुढील पदार्थांतूनही नकळत गहू किंवा जव येऊ शकतो :
- रवा, मैदा, शेवया, लापशी व खपली गहू. खपली ही गव्हाचीच जात असल्याने ती सुरक्षित नाही.
- थालीपिठाची भाजणी, मेतकूट व सातूचे पीठ.
- बांधानी हिंग. त्यात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

निदान व त्याच्या मर्यादा

रक्तातील ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए प्रतिपिंडे ही पहिली तपासणी असते. आयजीए मुळातच कमी असणाऱ्यांत ती खोटी नकारात्मक येऊ शकते, म्हणून एकूण आयजीएही पाहतात. प्रौढांत सामान्यतः दुर्बिणीद्वारे आतड्याच्या वरच्या भागाचे नमुने घेऊन निदान पक्के करतात. या तपासण्या होईपर्यंत गहू बंद करू नये. आधीच बंद केल्यास प्रतिपिंडे उतरतात, अस्तर भरून येऊ लागते, आणि रोग असूनही अहवाल सामान्य येऊ शकतो.

गहू खाल्ल्यावर पोट फुगणाऱ्या प्रत्येकास सिलिॲक रोग नसतो. गव्हातील फ्रुक्टान ही शर्करासाखळी लहान आतड्यात शोषली जात नाही व मोठ्या आतड्यात आंबते. क्षोभी आतड्याचा विकार असणाऱ्यांना त्याचा त्रास काही तासांतच जाणवतो, पण त्यात रसांकुर शाबूत असतात. गव्हाची ॲलर्जी हा तिसरा, वेगळा प्रकार होय. उलटपक्षी उष्णकटिबंधीय स्प्रू, जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग आणि आतड्याचा क्षय यांतही जुलाब होतात व वजन घटते. यांपैकी पहिल्या दोहोंत रसांकुरही खुजे होऊ शकतात. त्यामुळे केवळ लक्षणांवरून किंवा केवळ नमुन्यावरून निर्णय न करता रक्ततपासणी, नमुना व पथ्याला मिळणारा प्रतिसाद एकत्र पाहिले जातात.

उपचार

ग्लुटेन आजन्म व संपूर्ण वर्ज्य करणे हाच सिद्ध उपचार आहे. जुलाब व पोटफुगी बहुधा काही आठवड्यांत कमी होतात. वजन त्यानंतर वाढू लागते. रसांकुर पूर्ववत होण्यास प्रौढांत अनेक महिने, काहींत वर्षेही लागतात. मुलांत ते लवकर भरून येतात. म्हणून एक-दोन दिवसांच्या उपवासात साबुदाणा किंवा वरई खाऊन फरक पडला नाही, एवढ्यावरून गहू निर्दोष ठरत नाही. तसेच लक्षणे थांबल्यावर पुन्हा गहू सुरू केल्यास, त्रास जाणवो अथवा न जाणवो, अस्तराची हानी पुन्हा सुरू होते.