गॅस मार्क ४ म्हणजे नक्की किती?

आजच्या भागात एका आकड्याचा इतिहास. करंज्याला आमच्या शेजारच्या माईंकडे एक जुना इंग्लिश गॅस ओव्हन आहे. त्यांचे यजमान बोटीवर होते, त्यांनी तो सेकंडहँड आणलेला. त्याच्या खटक्यावर १ ते ९ आकडे आहेत, डिग्रीचा पत्ता नाही. माई म्हणाल्या, "अरे, मोबाईलवर नानकटाईला १८० डिग्री सांगतात. माझ्या ओव्हनला १८० कुठून आणू?"

उत्तर शोधायला १९२३च्या ब्रिटनमध्ये जावं लागतं. त्याआधी गॅसचा ओव्हन म्हणजे नुसता नळ होता. ज्योत किती ठेवायची, हे आत हात घालून किंवा कागद किती वेळात करपतो ते बघून ठरायचं. मग रेडिएशन नावाच्या कंपनीने आपल्या 'न्यू वर्ल्ड' कुकरवर 'रेग्युलो' हा थर्मोस्टॅट बसवला. युक्ती साधीच आहे. ओव्हनमध्ये पितळेची नळी असते आणि तिच्या आत इन्व्हार या मिश्रधातूची कांडी. पितळ तापलं की लांबतं, इन्व्हार जवळजवळ लांबत नाही. दोघांतल्या या फरकाने कांडी ओढली जाते आणि गॅसची झडप मिटत येते. ओव्हन थंडावला की झडप परत उघडते.

मग डायलवर डिग्री का नाही लिहिली? मला वाटतं, घरात थर्मामीटर नसलेल्या बाईला ३५० फॅरेनहाइटपेक्षा '४' सोपा वाटला असणार. कंपनीच्या पाककृतींच्या पुस्तकातही 'रेग्युलो ४' असंच छापलेलं असायचं. पुढे त्या आकड्यांना सरसकट 'गॅस मार्क' म्हणू लागले.

आता हिशोब. हे आकडे फॅरेनहाइटवर बेतलेत. मार्क १ म्हणजे २७५ फॅरेनहाइट आणि पुढच्या प्रत्येक मार्कला २५ वाढतात. म्हणून आकड्याला २५ने गुणा आणि २५० मिळवा. मार्क ४ला झाले १०० अधिक २५०, म्हणजे ३५०. त्यातून ३२ वजा केले की ३१८. त्याला ५ने गुणून ९ने भागलं की १७६.७ सेल्सिअस. पुस्तकं ते गोल करून १८० छापतात. म्हणजे माईंचा १८० हा मार्क ४च. याच हिशोबाने मार्क ३ येतो १६३, मार्क ६ येतो २०४. एकच अडचण आहे: १च्या खाली काही डायलवर अर्धा आणि पाव असतो, तिथे हे सूत्र चालत नाही. अर्धा म्हणजे २५० फॅरेनहाइट, पाव म्हणजे २२५. सेल्सिअसमध्ये साधारण १२० आणि १०७.

आणखी एक गोष्ट. हे तापमान ओव्हनच्या मधल्या फळीचं. आत पंखा नसल्यामुळे वरची फळी जास्त गरम, खालची कमी. रेसिपी पंख्याच्या ओव्हनसाठी असेल, तर तिच्या डिग्रीत साधारण २० मिळवूनच मार्क शोधायचा.

पण कोष्टक बरोबर असलं तरी ओव्हन बरोबर असेलच असं नाही. म्हणून आम्ही मधल्या फळीवर ओव्हन थर्मामीटर ठेवून तपासलं. मार्क ४ लावून वीस मिनिटं थांबलो. ज्योत आधी मोठी होती, मग आपोआप बारीक झाली, म्हणजे थर्मोस्टॅट जिवंत आहे. काटा १८०च्या आसपास. झकास! मग मार्क १ लावला. हवे होते १३५, आणि काटा १६५च्या खाली उतरेचना.

याचं कारण इतिहासातच आहे. झडप पूर्ण मिटली तर ज्योत विझेल, म्हणून एका बारीक आडवाटेने थोडा गॅस सतत सोडलेला असतो. जुने ब्रिटिश ओव्हन कोळशापासून काढलेल्या शहरी गॅसवर चालायचे. आपल्या सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात कितीतरी जास्त उष्णता असते. माईंच्या ओव्हनचा मुख्य जेट मेकॅनिकने बदलला होता, पण ही आडवाट तशीच राहिली. त्यामुळे सगळ्यात बारीक ज्योतही मार्क १साठी मोठी पडते. वरचे मार्क बरोबर आणि खालचे गरम, असं दिसलं की संशय आधी इथे घ्यायचा. ते काम मात्र गॅस मेकॅनिकचं, आपण स्क्रू फिरवत बसायचं नाही.

थर्मामीटर नसेल तर चमचाभर साखर फॉइलवर ठेवा. साखर साधारण १८६ डिग्रीला वितळते. मार्क ४वर पंधरा मिनिटांत ती कोरडी राहायला हवी आणि मार्क ५वर, म्हणजे १९०ला, वितळायला हवी. ४वरच पाणी झालं तर ओव्हन जास्त तापतोय.

आणि हो, जुना ओव्हन फ्रेंच असेल तर यातलं काहीच लागू नाही. तिथे आकड्याला सरळ ३०ने गुणतात, त्यामुळे त्यांचा ६ म्हणजे आपला १८०.