भरपाई आणि खबरदारी: दोन तत्त्वांची कुळकथा

‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ आणि ‘आधीच खबरदारी घ्यावी’ ही पर्यावरण कायद्यातील दोन तत्त्वे आज जोडीने उच्चारली जातात, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. पहिले जन्मले अर्थकारणात. १९७२ मध्ये ओईसीडी या श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेने शिफारस केली, की प्रदूषण रोखण्याचा खर्च कारखानदारानेच सोसावा. सरकारने तो अनुदानातून भागवला, तर कारखानदाराचा माल फुकाचा स्वस्त होऊन व्यापाराचा तोल बिघडतो. पीडितांच्या नुकसानभरपाईचा विचार त्यात जवळजवळ नव्हताच. दुसरे तत्त्व जर्मन आहे. ‘फोरझोर्ग’ म्हणजे पुढची तजवीज. हा विचार १९७०च्या दशकात पश्चिम जर्मनीच्या हवाशुद्धीच्या कायद्यांत रुजला. १९९२च्या रिओ जाहीरनाम्यात ही दोन्ही तत्त्वे पंधराव्या आणि सोळाव्या कलमांत शेजारी येऊन बसली.

भारतात दोघांचा प्रवेश एकाच वर्षी, १९९६ मध्ये झाला. फेब्रुवारीत राजस्थानातील बिछडी गावाचा निकाल लागला. रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने आणि गाळाने तिथल्या विहिरी व जमिनी नासल्या होत्या. हा गाळ हटवण्याचा आणि जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्च कारखान्यांवर आहे, त्यांनी काळजी घेतली होती की नाही हा प्रश्नच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. व्यापाराचा नियम इथे पीडितांचा हक्क झाला. ऑगस्टमध्ये वेल्लोरच्या चर्मोद्योगाच्या निकालात दोन्ही तत्त्वे देशाच्या कायद्याचा भाग ठरली. शास्त्रीय खात्री नाही म्हणून उपाय लांबवता येणार नाही आणि आपले काम निर्धोक आहे हे उद्योजकानेच सिद्ध करावे, हा खबरदारीचा अर्थही तिथेच स्पष्ट झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात महाराष्ट्रातील डहाणूसाठी प्राधिकरण नेमण्याचा आदेश झाला आणि ही दोन्ही तत्त्वे अमलात आणण्याचे काम त्याला दिले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील या प्राधिकरणाने चिकूच्या बागांच्या प्रदेशातील औष्णिक वीज केंद्राला धुरातील सल्फर डायऑक्साइड शोषणारी यंत्रणा बसवायला लावली. ती २००७ मध्ये सुरू झाली. बागा वाळेपर्यंत थांबायचे नाही, हे खबरदारीचे खरे रूप.

आता ही तत्त्वे प्रसंगात ओळखायची कशी? तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीचा परिसर मँगनीजचा आहे. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे त्याच्या खाणी आहेत. या भागात एक कल्पित खाण धरू. खाणीतून काढलेल्या टाकाऊ दगडमातीचा ढिगारा पावसात वाहिला, गाळ नाल्यातून धानाच्या बांध्यांत साचला आणि विहिरीच्या पाण्यात मँगनीज लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा बरेच जास्त आढळले. इथे नुकसान घडून गेले आहे. म्हणून भरपाईचे तत्त्व लागू होते आणि पिकाचा, गाळ काढण्याचा व विहीर सुधारण्याचा खर्च खाणीवर पडतो. मात्र ढिगाऱ्याचा आणि नुकसानीचा संबंध दाखवावा लागतो, आणि दावे नेमके तिथेच अडतात. या भागातल्या खडकातच मँगनीज असल्याने एका विहिरीचा अहवाल पुरत नाही. ढिगाऱ्याच्या वरच्या अंगाच्या विहिरीचे पाणी स्वच्छ आणि खालच्या अंगाच्या विहिरीचे दूषित निघाले, तर साखळी जुळते.

दुसरा प्रसंग. खाणीला नवा ढिगारा बोडीच्या वरच्या उतारावर रचायचा आहे. पाणी अजून स्वच्छ आहे, त्यामुळे मागायला भरपाईच नाही. इथे खबरदारीचे तत्त्व चालते. गावकऱ्यांनी धोक्याला आधार दाखवायचा: उतार, पाण्याची वाट, जुन्या ढिगाऱ्याचा अनुभव. नुसती भीती पुरत नाही. त्यानंतर पुराव्याचा भार खाणीवर जातो. आदेशही पैशाचा नसतो: ढिगारा हलवा, भोवती चर खणा, गाळ बसवणारे तळे बांधा, किंवा परवानगीच नाही.

खबरदारीच्या या तत्त्वाला सीमा आहे. नर्मदा प्रकल्पाच्या २०००च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की परिणाम अज्ञात असतील तिथेच पुराव्याचा भार असा फिरतो. धरणाचे परिणाम माहीत असतात, त्यामुळे तिथे प्रश्न उरतो तो ते कमी करण्याच्या उपायांचा.

राष्ट्रीय हरित अधिकरणाच्या २०१०च्या कायद्याचे विसावे कलम दोन्ही तत्त्वे लागू करायला सांगते, म्हणून एकाच प्रकरणात दोन्ही येतात. जुना ढिगारा वाहतो आहे आणि खाणीला विस्तार हवा आहे, असे धरा. साचलेल्या गाळाचा खर्च हा भरपाईचा भाग, विस्तारावरील अटी हा खबरदारीचा. सर्वांत फसवी असते ती बँक हमी. अट मोडू नये म्हणून ती आधी घेतली जाते, तेव्हा ती खबरदारी असते. अट मोडून गाळ बांधीत उतरला आणि हमीतले पैसे साफसफाईला लावले, की तीच रक्कम भरपाई होते.