मोरोपंतांचे मिटलेले ओठ

गीतरचना अडते, ती बहुधा शब्द कमी पडल्यामुळे नव्हे. तेच शब्द पुनःपुन्हा हाताशी येतात म्हणून. भजनासाठी अभंग रचणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. ‘माय’ लिहिले की ‘पाय’ येतो, ‘भाव’ लिहिला की ‘ठाव’. चरण पुरा होतो, पण नवे काही सांगितले जात नाही. अशा वेळी स्वतःवर एखादे बंधन घालून घेणे हा एक जुना उपाय आहे, आणि मराठीत त्याचा ठळक दाखला मोरोपंतांचा आहे.

मोरेश्वर रामजी पराडकर (1729–1794) यांच्या नावावर अष्टोत्तरशत रामायणे सांगितली जातात. कथा एकच, श्रोत्यांना पाठ असलेली. तरी प्रत्येक रचनेला वेगळी अट. त्यांपैकी ‘निरोष्ठ रामायणा’ची अट अशी की ओठ मिटावे लागतील असे अक्षर वापरायचे नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य. संस्कृतात हा खेळ त्याआधीच झाला होता. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली कथा ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो, कारण प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखावलेले असतात. विसाव्या शतकात फ्रान्समध्ये जॉर्ज पेरेक यांनी ‘ई’ हे अक्षर वगळून आख्खी कादंबरी लिहिली. ती 1969 साली प्रसिद्ध झाली.

या अटीचा पहिला आघात कोणावर होतो, ते पाहण्याजोगे आहे. ‘म’ गेला की ‘राम’ गेला! ज्याची कथा, त्याचेच नाव निषिद्ध. लक्ष्मण, भरत, हनुमान हेही त्याच वाटेने गेले. उरले दाशरथी, जानकी, दशानन. मात्र नावे बदलून काम भागत नाही. ‘रामाच्या बाणाने रावण मेला’ हे वाक्य घेऊ. नावे बदलली, बाणाचा ‘शर’ केला, तरी ‘मेला’ हे क्रियापदही अडते. ‘मारणे’, ‘पडणे’ याही वाटा बंद. मग मी लिहितो, ‘दाशरथीच्या शराने दशानन निजला.’ क्रियापद बदलताच चित्र बदलले. वधाच्या जागी एका थकलेल्या वीराची निद्रा आली. ही कल्पना मला आधी सुचलेली नव्हती. अटीने ती पुढे आणली.

मोरोपंतांची लेखणी अडली होती म्हणून त्यांनी हे केले, असे म्हणण्यास आधार नाही. त्यांच्या दृष्टीने तो भाषाप्रभुत्वाचा आणि भक्तीचा भाग असावा. पण त्यांची पद्धत अडलेल्या रचनाकाराला उसनी घेता येते.

दुसरे बंधन अक्षरसंख्येचे. थोरल्या अभंगात चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक. लघु-गुरू पाहायचे नाहीत. जोडाक्षर एकच मोजायचे. बेज्जूर परिसराच्या पूर्वेस वाहणाऱ्या प्राणहितेवर एक अभंग रचताना माझा पहिला चरण ‘प्राणहिता माय’ असा आला आणि तेथेच थांबला. पुढचे सारे स्तोत्र ठरलेलेच होते. म्हणून मी ‘माय’, ‘नदी’, ‘पाणी’ हे तीन शब्द वर्ज्य केले. स्तुतीची वाट बंद झाल्यावर पाहिलेले आठवावे लागले. पूर ओसरल्यावर काठच्या झाडांच्या खोडांवर गाळाची रेघ राहते, तीच घेतली.

पूर ओसरला । रेघ मागे राही ।
खोड देते ग्वाही । गाळातून ॥

शेवटचा चरण आधी ‘गाळाची ती’ असा होता. त्यातील ‘ती’ केवळ चार अक्षरे भरण्यासाठी आली होती. या पद्धतीतील नेहमीचा दोष तो हाच. तो, ती, गा, पै असे शब्द काढून पाहावेत. अर्थ जागचा हलला नाही, तर चरण पोकळ आहे असे समजावे. ‘गाळातून’ या एका शब्दाने ग्वाही कशी दिली हे सांगितले, म्हणून तो ठेवला.

अट अतिरेकी झाली की उलटे होते. वर्ज्य अक्षरे टाळताना कवी कोशातले अनोळखी शब्द वेचू लागतो आणि श्रोता अर्थाला मुकतो. मोरोपंतांवरील क्लिष्टतेचा आक्षेप सर्वश्रुत आहे. गायच्या रचनेत हा दोष अधिक जाचतो, कारण ऐकणाऱ्याला मागे वळून वाचता येत नाही. म्हणून एका वेळी दोन-तीन शब्दच वर्ज्य करावेत, आणि तेही आपल्या सवयीचे. कडवे तयार झाल्यावर अट ठाऊक नसलेल्या माणसाला ते म्हणून दाखवावे. त्याला काही उणे भासले, तर वगळलेला शब्द निःसंकोच परत आणावा. अट लेखणी हलवण्यापुरती असते. माझ्या अभंगाच्या शेवटच्या कडव्यात ‘माय’ पुन्हा आली, आणि मी तिला अडवले नाही.