घड्याळ-तफावत (सर्व्हरमधील)

एकाच क्षणी दोन सर्व्हरच्या घड्याळांनी वेगवेगळी वेळ दाखवणे. दोन सर्व्हरमध्ये 2 मिनिटांचा फरक पडला तरी लॉगिन अडू शकते.

समजा, टोकन देणारा सर्व्हर 2 मिनिटे पुढे आहे. खऱ्या 10:00:00 वाजता दिलेल्या टोकनातील `nbf`, म्हणजे ज्याआधी टोकन अमान्य ती वेळ, 10:02:00 असते. अचूक घड्याळाचा तपासणारा सर्व्हर 10:00:01 वाजता ते नाकारतो. दोन मिनिटांनी तेच टोकन चालते. ही तफावतीची ठळक खूण. एकत्रित लॉगमध्ये नकार आधी आणि टोकन दिल्याची नोंद नंतर दिसते. त्यामुळे घटनाक्रम वेळेवरून न लावता विनंतीच्या क्रमांकावरून जुळवावा.

तफावत `chronyc tracking` या आज्ञेने तपासता येते. टोकन तपासताना काही सेकंदांची सवलत ठेवतात, पण ती वाढवल्यास मुदत संपलेली टोकनेही तितका वेळ चालतात. मूळ उपाय म्हणजे सर्व घड्याळे एनटीपीने जुळवणे. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार भारतात ते बंधनकारक आहे.